नमुना आधी, ई-मेल नंतर

बर्लिनमध्ये चटण्या-लोणची तयार करून विकू पाहणाऱ्या छोट्या उत्पादकाला सहज सुचणारा पहिला उपाय म्हणजे उपाहारगृहांचे ई-मेल पत्ते गोळा करून सर्वांना एकच मजकूर धाडणे. जर्मनीत मात्र नेमके हेच अंगाशी येऊ शकते. अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याच्या कलम ७ नुसार पूर्वसंमतीविना पाठवलेली जाहिरातवजा ई-मेल हा उपद्रव मानला जातो आणि हे संरक्षण व्यावसायिकांनाही आहे. संकेतस्थळावर पत्ता दिलेला असणे म्हणजे संमती नव्हे. अशी एकच ई-मेलही बेकायदा ठरू शकते, असे संघीय न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. परिणामी वकिलाची नोटीस आणि तिचा खर्च पदरी पडतो.

टपालाने पाठवलेले पत्र आणि प्रत्यक्ष भेट हे मार्ग खुले राहतात. म्हणूनच येथे पहिला निरोप नमुन्यासोबतच जायला हवा.

समजा, नमुना लसणाच्या चटणीचा आहे. तो फुकट दिला तरी युरोपीय कायद्याच्या दृष्टीने माल बाजारात आणल्यासारखेच असते. म्हणून छोट्या बरणीवरही जर्मन भाषेतील लेबल हवे आणि घटकांच्या यादीत शेंगदाणे व तीळ ठळक अक्षरांत हवेत. ही दोन नावे दिसली नाहीत, तर जाणकार आचारी चव न घेताच बरणी बाजूला ठेवील.

उपाहारगृहात दुपारचे जेवण आटोपल्यावर, साधारण तीन ते पाचच्या दरम्यान जावे. सोबतच्या चिठ्ठीत चार वाक्ये पुरेत: हा पदार्थ काय आहे, त्यांच्या कोणत्या पदार्थासोबत तो चालेल, एक किलोचा दर व टिकाऊपणा किती, आणि आपण पुन्हा कोणत्या दिवशी येणार. कुटुंबाची परंपरा, आजीची पाककृती हे सारे पुढच्या भेटीसाठी ठेवावे.

दुकानदाराचा प्रश्न वेगळा असतो. १८९८ मध्ये बर्लिनच्या हालेशेस टोर भागातील किराणा व्यापाऱ्यांच्या खरेदी सहकारी संस्थेतून उगम पावलेल्या एडेकाची बरीच दुकाने आजही स्वतंत्र व्यापारी चालवतात. स्थानिक माल घ्यायचा की नाही, हे अशा दुकानात मालकाशी बोलून ठरू शकते. तो आधी फळीवरची किंमत पाहतो. बरणी ५.९९ युरोला विकायची, तर सात टक्के कर वजा जाता ५.६० उरतात. त्यात दुकानदाराने ३५ टक्के वाटा धरला, तर उत्पादकाच्या हाती ३.६४ येतात. बरणी, लेबल, मजुरी आणि पोहोचवणे एवढ्यात बसत नसेल, तर चव आवडूनही व्यवहार टिकणार नाही.

भेटीअखेर ‘दरपत्रक ई-मेलने पाठवू का?’ असे विचारावे. होकार मिळाल्यास नाव आणि तारीख टिपून ठेवावी. ई-मेलचा मार्ग तिथून मोकळा होतो.