चार हजार तास आणि एक मंगळवार

मंडळी, या सदरात दर दिवाळीला आपण पैशांचा एखादा विषय घेऊन बसतो. यंदाचा विषय माझ्या मावसबहिणीने दिला. ती मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेटमध्ये राहते, आठवड्यातले चार दिवस चाइल्डकेअरमध्ये काम करते आणि उरलेल्या वेळात यूट्यूबवर मराठीतून फराळाचे आणि रोजच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते. सप्टेंबरअखेर तिने मला विचारलं, "दादा, चार हजार तास भरत आलेत. पैसे सुरू झाले की मी मंगळवारचं काम सोडू का?"

प्रश्न घरखर्चाचा होता, म्हणून आम्ही दोघांनी बसून कागदावर हिशेब मांडला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असं चॅनेल आहे, किंवा सांगली-नाशिककडच्या एखाद्या भाचीचं आहे. त्यांनाही तो उपयोगी पडेल.

आधी अट समजून घेऊ. मधुरा बाचल यांनी अमेरिकेत राहत असताना २००९ साली पाककृतींचं चॅनेल सुरू केलं, तेव्हा तासांची अशी अट नव्हती. ती २०१८ च्या फेब्रुवारीत लागू झाली. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या ३६५ दिवसांत लोकांनी पाहिलेले ४,००० तास हवेत. बहिणीचे सबस्क्रायबर १,३४० होते, म्हणजे ते कुंपण तिने कधीच ओलांडलं होतं. अडलं होतं तासांवर.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तिचा व्हिडिओ आठ मिनिटांचा असला, तरी पाहणारा सरासरी तीन मिनिटंच थांबतो. कुणी फक्त पिठाचं प्रमाण बघून जातो, कुणी चकली का तुटते तेवढंच बघतो. म्हणजे ४,००० तास भरायला वर्षाकाठी ८०,००० वेळा तिचे व्हिडिओ उघडले जायला हवेत. दिवसाला साधारण २२० वेळा.

यात दोन गोष्टी लोकांना चकवतात. पहिली म्हणजे शॉर्ट्स. उभे छोटे व्हिडिओ शॉर्ट्सच्या फीडमध्ये कितीही पाहिले गेले, तरी ते तास या चार हजारांत धरत नाहीत. त्यांची अट निराळी आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. लपवलेले, फक्त लिंकवरून दिसणारे आणि काढून टाकलेले व्हिडिओही मोजत नाहीत. मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम लाइव्ह दाखवला आणि नंतर तो व्हिडिओ खासगी केला, तर ते तासही गेले. म्हणून स्टुडिओतल्या Analytics पानावरचा आकडा मोठा आणि Earn पानावरचा लहान दिसतो. खरा धरायचा तो Earn पानावरचा. बहिणीच्या Analytics मध्ये ४,९०० तास दिसत होते, Earn मध्ये ३,६००.

दुसरी गोष्ट आहे ते ३६५ दिवस. हे जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष नाही. आजपासून मागे मोजलेली ती सरकती खिडकी आहे. आज नवे तास आत येतात, तेव्हा बरोबर वर्षापूर्वीच्या त्याच तारखेचे तास बाहेर पडतात. म्हणून व्हिडिओ टाकत असूनही आकडा कधीकधी खाली जातो आणि माणूस घाबरतो की यूट्यूबने आपले तास कापले. सणावारी पाहिल्या जाणाऱ्या चॅनेलला हे विशेष जाणवतं, कारण आपले सण इंग्रजी तारखेला येत नाहीत.

बहिणीचंच बघा. लक्ष्मीपूजन २०२४ साली १ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली ते २१ ऑक्टोबरला. गेल्या दिवाळीच्या आधीच्या अडीच आठवड्यांत तिची चकली आणि अनारसे मिळून ९०० तास पाहिले गेले. त्यातले निम्मे, म्हणजे ४५०, शेवटच्या दहा-अकरा दिवसांतले. यंदा तेवढेच ९०० तास २१ ऑक्टोबरपर्यंत येतील असं धरू. त्या दिवशी गेल्या वर्षीचे पहिले ४५० खिडकीबाहेर पडलेले असतील, पण शेवटचे ४५० अजून आत असतील. बाकीचे दिवस सारखेच धरले, तर ३,६०० अधिक ९०० वजा ४५०, म्हणजे ४,०५०. पुढे १ नोव्हेंबरपर्यंत उरलेले ४५० ही निघून जातील आणि आकडा परत ३,६०० वर येईल.

म्हणजे ऐन फराळाच्या धावपळीत तिचं दार जेमतेम काही दिवस उघडं राहणार. पुढच्या वर्षी तर तेही नाही. २०२६ मध्ये अधिक महिना आहे, दिवाळी ८ नोव्हेंबरला येते. तेव्हा यंदाचे तास आधी बाहेर पडतील आणि नवे मागाहून येतील. २१ ऑक्टोबरच्या सुमारास तिचा आकडा वर्षातला सर्वांत खालचा असेल.

दार उघडं असताना अर्ज गेला, तर तपासणी चालू असताना तास पुन्हा कमी झाले तरी अडत नाही. तपासणीला साधारण महिना लागू शकतो. पण तिला याहून सोपी वाट होती आणि तीच तिला ठाऊक नव्हती. २०२३ पासून एक खालची पायरी आहे. ५०० सबस्क्रायबर, मागच्या ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि ३,००० तास. ऑस्ट्रेलियात ती मिळते आणि बहीण तिच्यात आजच बसते. या पायरीवर जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत, पण प्रेक्षकांकडून थेट येणारे मिळतात, म्हणजे मेंबरशिप आणि सुपर थँक्स. शिवाय एकदा इथे प्रवेश मिळाला, की पुढे ४,००० तास भरल्यावर सगळा अर्ज नव्याने करावा लागत नाही. जाहिरातींचा करार तेवढा स्वीकारायचा. तो स्वीकारला त्या दिवसापासून पैसे सुरू होतात. आधीच्या व्ह्यूजचे काही मिळत नाही.

आता वाटणी. साध्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतून यूट्यूबला जे निव्वळ मिळतं, त्यातले ५५ टक्के चॅनेलला आणि ४५ यूट्यूबला. शॉर्ट्समध्ये उलट आहे. तिथे सगळ्यांच्या जाहिरातींचे पैसे एकत्र होतात, व्ह्यूजप्रमाणे वाटले जातात आणि वाट्याला आलेल्यातले ४५ टक्के आपले. मेंबरशिप आणि सुपर थँक्सचे ७० टक्के आपले.

टक्का ऐकायला बरा वाटतो, पण तो कशाचा हे बघायला हवं. प्रत्येक व्ह्यूला जाहिरात लागत नाही, आणि भारतातल्या प्रेक्षकासाठी जाहिरातदार ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकापेक्षा बराच कमी मोजतात. मराठी चॅनेलचे बहुतेक प्रेक्षक भारतात. स्टुडिओत दोन दर दिसतात. CPM म्हणजे हजार जाहिरातींमागे जाहिरातदाराने दिलेले पैसे, RPM म्हणजे हजार व्ह्यूजमागे वाटणीनंतर आपल्या हातात आलेले. हिशेब करायचा तो RPM वर. बहिणीसाठी आम्ही तो दोन ऑस्ट्रेलियन डॉलर धरला. ८०,००० व्ह्यूजचे झाले १६० डॉलर. महिन्याचे नव्हेत, वर्षाचे.

ती गप्प झाली. मग मी शेजारी दुसरा आकडा लिहिला. १ जुलै २०२५ पासून आपल्याकडे तासाचं किमान वेतन २४.९५ डॉलर झालं होतं. ७.६ तासांचा एक दिवस म्हणजे १८९ डॉलर ६२ सेंट, आणि तिचा पगार त्याहून जास्त आहे. वर्षभराच्या जाहिराती तिच्या एका मंगळवारएवढ्याही भरत नव्हत्या. त्यातही पैसे बँकेत पडतात ते खात्यात १०० डॉलर जमल्यावर. या वेगाने ती वेळ सात-आठ महिन्यांनी येणार.

आता खालच्या पायरीचा हिशेब. समजा तिचे दहा नेहमीचे प्रेक्षक महिना पाच डॉलर देऊन मेंबर झाले. ५० डॉलरमधून जीएसटी गेला की ४५.४५ उरतात, त्याचे ७० टक्के ३१.८२. वर्षाचे ३८० च्या वर. दहा माणसं ८०,००० व्ह्यूजच्या दुप्पट देतात. मात्र त्यांना दर महिन्याला काहीतरी खास द्यावं लागतं, आणि काही जण आयफोनच्या अॅपवरून पैसे भरतात तेव्हा अॅपलची फी आधी वजा होते.

बहिणीने मंगळवार सोडला नाही. खालच्या पायरीचा अर्ज मात्र त्याच संध्याकाळी केला. त्यासाठी दोन टप्प्यांची सुरक्षा चालू केली आणि अॅडसेन्सचं खातं जोडलं. पैसे सुरू होण्याआधी अमेरिकेच्या कराचा W-8BEN फॉर्म भरायचा आहे, हेही लिहून ठेवलं. तो भरला, की अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेल्या कमाईवरच आणि तिथल्या कराराप्रमाणे ५ टक्के कापले जातात. न भरल्यास जगभरच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये हे उत्पन्न दाखवायचं ते वेगळं.

शेवटी नातेवाइकांसाठी थोडं, कारण नुकसान बरेचदा प्रेमापोटी होतं. "तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो" हा व्यवहार यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. रात्रभर फोनवर व्हिडिओ फिरत ठेवला, तर असे तास खोटे ठरवून वगळले जातात. पैसे सुरू झाल्यावर घरच्यांनी मुद्दाम जाहिरातींवर बोट ठेवलं, तर अॅडसेन्सचं खातंच बंद होऊ शकतं. आणि चकलीमागे सिनेमाचं गाणं लावलं, तर व्हिडिओ राहतो, पण त्याचे पैसे बहुधा गाण्याच्या मालकाकडे जातात.

तेव्हा भाचीला मदतच करायची असेल, तर यंदाचा फराळ करताना तिचा एक व्हिडिओ लावा, शेवटपर्यंत बघा आणि चकली तशी जमली का ते तिला खाली लिहून कळवा.