‘जवळचा’ म्हणजे कुणाच्या जवळचा?

गेल्या महिन्यात एका भगिनीचा निरोप आला. अस्सलामु अलैकुम लिहून थेट मुद्द्याला हात घातला होता. “आमच्या सासूबाईंना पुष्कळ वर्षांपासून शुगर आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली आहे, तीन आठवडे झाले तरी भरत नाही. दुखत नाही म्हणून त्या काही बोलत नाहीत. जवळपासचा चांगला डॉक्टर सांगा. शुगरवाल्यांची मऊ चप्पल कोणत्या दुकानात मिळते तेही कळवा.” खाली नाव होते, पण गावाचा पत्ता नव्हता.

असे प्रश्न या सदराकडे दर महिन्याला येतात. कुणी दातांचा डॉक्टर विचारतो, कुणी चष्म्याचे दुकान, आणि गाव लिहायचे राहून जाते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याचे गाव इतके स्पष्ट असते की ते आम्हालाही दिसतेच आहे, असे त्याला वाटते. हा प्रश्न आम्ही कसा हाताळला ते सविस्तर सांगतो, कारण आपल्या नात्यातलेही कुणी फोनवर असेच विचारते आणि आपण पटकन आपल्या ओळखीच्या डॉक्टरांचे नाव सांगून मोकळे होतो.

पहिला नियम असा की ठिकाणाचा अंदाज करायचा नाही. आडनावावरून, बोलीवरून किंवा मोबाइल नंबरावरून गाव ठरवता येत नाही. गावाचे नाव कळले तरी तेवढ्याने भागत नाही. सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावर केमच्या शेजारचे स्टेशन भाळवणी, ते करमाळा तालुक्यात. दुसरी भाळवणी पंढरपूर तालुक्यात, तिसरी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आणि चौथी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात. नुसते ‘भाळवणी’ ऐकून डॉक्टर सुचवला, तर आजारी माणसाला भलत्याच जिल्ह्यात पाठवल्यासारखे होईल. पिनकोडचे पहिले तीन आकडेही पुरत नाहीत. ४१३ ने सुरू होणारे पिनकोड सोलापूर जिल्ह्यात आहेत, तसेच लातूर, धाराशिव, बारामती आणि श्रीरामपूरलाही आहेत. म्हणून गाव, तालुका आणि जिल्हा ही तिन्ही नावे एकत्र हवीत, किंवा पूर्ण सहा आकडे.

दुसरा नियम असा की विचारायचे ते एकाच वेळी विचारायचे. चार दिवस चार निरोप गेले, तर तेवढे दिवस जखमेला मिळतात. आम्ही त्या भगिनीला लगेच लिहिले: गाव, तालुका, जिल्हा कळवा. अम्मींना चालता येते का, बसमध्ये चढता येते का, सोबत कोण जाईल, ते कळवा. ताप आहे का, आणि शेवटची शुगर किती होती, तेही कळवा. कारण ‘जवळ’ हे नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. पाय खाली टेकवायचा नाही अशा बाईसाठी दोनदा बस बदलावी लागणारे पंधरा किलोमीटर हे थेट गाडीच्या तीस किलोमीटरांपेक्षा लांब असतात.

तिसरा नियम आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाव कळेपर्यंत थांबायचे नाही. जे उत्तर प्रत्येक गावात सारखे असते, ते त्याच निरोपात द्यायचे. या प्रश्नात असे बरेच होते.

जखम दुखत नाही, ही दिलाशाची गोष्ट नाही. बरीच वर्षे शुगर राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा गेला, खिळा टोचला, तरी कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. म्हणून आम्ही लिहिले की जखमेच्या कडेला काळेपणा, घाण वास, पू, वर चढत जाणारी लाली किंवा सूज, ताप, यांपैकी एकही दिसले तर ‘चांगला’ डॉक्टर शोधत बसू नका. त्याच दिवशी जे रुग्णालय उघडे असेल तिथे जा. नेण्याची सोय नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. यांतले काही नसले तरी तीन आठवडे न भरलेली जखम दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

तोवर पाय गरम पाण्यात बुडवायचा नाही, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. हळद, चुना, पावडर जखमेत भरायची नाही. स्वच्छ कोरडी पट्टी ठेवायची आणि त्या पायावर शक्य तितके कमी चालायचे. वुजू करताना पट्टी भिजू द्यायची नाही. जखमेच्या पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे, तिचा तपशील आपल्या आलिमांना विचारावा. चांगल्या पायाच्या बोटांमधली जागा धुतल्यावर कोरडी करावी. थंडीत गरम पाणी घेतले तर ते घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपराने तपासून द्यावे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. गाव केम, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. ताप नाही, पण चालताना पट्टी ओली होते. शुगर दोन महिन्यांत तपासलेली नाही. थोरला मुलगा सोबत जाऊ शकतो.

आता खरा नकाशा समोर आला. केम हे कुंकवासाठी महाराष्ट्रभर माहीत असलेले गाव. तालुका करमाळा, म्हणून नकळत तोंडावर करमाळा येते. तिथे उपजिल्हा रुग्णालय आहेही. पण करमाळा शहरापर्यंत रेल्वे जात नाही. त्याचे स्टेशन जेऊर. केमहून रेल्वेने सोलापूरच्या दिशेला निघाले तर ढवळससोडून पुढचे स्टेशन कुर्डुवाडी. ते माढा तालुक्यात असले तरी केमच्या माणसाला सोयीचे. तिथून एक फाटा बार्शी-लातूरला, दुसरा पंढरपूर-मिरजेला जातो आणि मुख्य मार्ग मोहोळवरून सोलापूरला. म्हणजे केमच्या माणसाचा तालुका एकीकडे आणि रेल्वे दुसरीकडे. ज्याला हे माहीत नाही, तो तालुक्याकडे बोट दाखवून मोकळा होईल.

म्हणून आम्ही त्या भगिनीला कुणाचे नाव न देता क्रम दिला. आधी सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्तातली शुगर तपासून जखम दाखवावी. तिथून पुढे करमाळा की कुर्डुवाडी, हे त्या दिवशी मिळणाऱ्या गाडीवर ठरवावे. निघण्यापूर्वी फोन करून सर्जन कोणत्या दिवशी बसतात ते विचारून घ्यावे. जखम हाडापर्यंत गेली असेल किंवा बोट काळे पडत असेल, तर मधे न थांबता सोलापूरचे सरकारी सर्वोपचार रुग्णालय गाठावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठा खर्च समोर आला तर जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करावी.

नाव का दिले नाही? लांबून दिलेले नाव वर्षभरात शिळे होते. डॉक्टर बदलतात, दवाखाना हलतो. त्यापेक्षा चांगला डॉक्टर ओळखायचा कसा, हे सांगितलेले टिकते. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि दवाखान्यात लावलेला असतो. तो नसेल तर विचारावा. पण पायाच्या जखमेत खरी ओळख तपासणीतून पटते. चांगला डॉक्टर दोन्ही पायांतले मोजे, चपला काढायला लावतो. पावलावर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोटे ठेवून नाडी लागते का बघतो. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून अम्मींना कळते का विचारतो. जखमेत सळई घालून खोली पाहतो, गरज वाटली तर एक्स-रे काढतो. मुख्य म्हणजे पायावरचा भार कसा कमी करायचा ते सांगतो. पाय न उघडताच मलम आणि गोळ्या लिहून दिल्या, तर दुसरीकडे दाखवावे. नीट उपचार सुरू असताना चार आठवड्यांत जखम निम्मीही झाली नाही, तर मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आली असे समजावे.

राहिला चपलेच्या दुकानाचा प्रश्न. त्याचे उत्तर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले, कारण जखम उघडी असताना नुसती मऊ चप्पल हा उपचार नव्हे. जखम भरेपर्यंत काय घालायचे ते डॉक्टर सांगतील. भरल्यावर मात्र चप्पल हवीच, कारण त्याच जागी पुन्हा जखम होण्याचा धोका मोठा असतो. दुकानात ‘एमसीआर’ची चप्पल मागावी. तिचा तळ अंगठ्याने दाबला की दबतो आणि परत वर येतो. मागे पट्टा हवा, म्हणजे बधिर पायातून ती निसटत नाही. अंगठ्याच्या फटीत जाणारा पट्टा नको. केमसारख्या गावात ती मिळाली नाही तरी अम्मींना दुकानोदुकानी फिरवायला नको. संध्याकाळी पायाला थोडी सूज असते, तेव्हा कागदावर दोन्ही पावले उभ्याने आखून घ्यावीत आणि मुलाने तो कागद घेऊन दुकानात जावे. मोठ्या रुग्णालयाच्या आसपासच्या दुकानांत अशी चप्पल मिळण्याची शक्यता जास्त. पहिल्या दिवशी ती अर्धा तास घालून पाय तपासावा. लाल डाग दिसला तर बदलून आणावी.

वाचकांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी लिहिताना प्रश्नाच्या आधी पहिल्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा लिहावा, दुसऱ्या ओळीत आजारी माणूस प्रवास कसा करू शकतो ते. आणि तुम्हाला कुणी ‘जवळचा डॉक्टर’ विचारला, तर नाव सांगण्याआधी “तुम्ही आता कुठे आहात, आणि त्रास किती दिवसांचा?” हे दोन प्रश्न विचारा. पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकूनच कळते की आता शोधाशोध नको, गाडी बोलवायला हवी.