व्याज देतोय ना, मग भाडं कशाला?

मी वीस महिन्यांचा हिशेब मांडून बिल्डरला नोटीस पाठवली. त्यावर त्याच्या ऑफिसातून आलेल्या उत्तराचा सारांश एवढाच: "उशीर झालेलाच नाही. झाला असेल तर व्याजाचा विचार करू. पण भाडं मागायचा तुम्हाला अधिकार नाही." हे एकट्या माझ्या बिल्डरचं म्हणणं नाही. पुण्याच्या आसपास ज्यांचा ताबा रखडला आहे त्यांतल्या बहुतेकांना थोड्याफार फरकाने हेच ऐकवलं जातं. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासून बघू.

आधी "उशीर झालेलाच नाही".

माझा करारनामा फेब्रुवारी २०२२ चा, रीतसर नोंदणी केलेला. त्याच्या सहाव्या कलमात लिहिलंय की ३१ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्यापूर्वी ताबा दिला जाईल. 'अंदाजे' नाही, 'शक्यतो' नाही, चक्क तारीख आहे. मुदत वाढू शकते ती दोनच कारणांनी: एक, युद्ध, दंगल किंवा नैसर्गिक आपत्ती; दोन, सरकारचा, सक्षम प्राधिकरणाचा किंवा कोर्टाचा आदेश. महारेराच्या नमुना करारातही हे कलम जवळपास असंच आहे. मजूर गावी गेले, सिमेंट महागलं, ठेकेदार पळाला, बाजार थंड आहे, यांतलं एकही कारण त्या यादीत नाही. करोनाचं नावही काढू नका, कारण करार दोन्ही लाटा ओसरल्यावर झाला आणि ती तारीख बिल्डरने स्वतःच्या वकिलाकडून लिहून घेतली होती.

मग उशीर झाला नाही असं तो कशाच्या जोरावर म्हणतो? तर "महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाची तारीख २०२५ अखेरची आहे". इथेच बहुतेक जण गप्प बसतात. वेबसाइटवरची तारीख ही प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत असते. बिल्डर ती वाढवून घेऊ शकतो. पण ते त्याचं आणि महारेराचं आपसातलं प्रकरण. माझ्याशी त्याने केलेला वायदा करारनाम्यात आहे, आणि रेरा कायद्याच्या कलम १८ मध्ये उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासून. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं: करारनामा जुना असला आणि नोंदणी करताना बिल्डरने नवी तारीख टाकली, तरी ग्राहकासाठी उशीर करारातल्या तारखेपासूनच धरला जाईल.

म्हणून मुदतवाढीसाठी ग्राहकांच्या सह्या घेत कोणी दारात आलं, तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका. प्रकल्प पुढे चालावा म्हणून संमती देणं वेगळं आणि "करारातली ताब्याची तारीख बदलण्यास माझी हरकत नाही" असं लिहून देणं वेगळं. दुसरं वाक्य पहिल्याच्या खाली बारीक अक्षरात घुसवलेलं असतं. सही करायचीच असेल तर शेजारी हाताने लिहा: "कलम १८ खालील माझे हक्क राखून."

आता दुसरं वाक्य, "व्याजाचा विचार करू". विचार कसला करता? हा तुमच्या मर्जीचा विषयच नाही. प्रकल्पातून बाहेर न पडणाऱ्या ग्राहकाला ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज द्यायचं, हे कायद्यात आहे आणि माझ्या कराराच्या ४.१ या कलमातही आहे. महाराष्ट्राच्या नियमांत त्याचा दर ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर अधिक दोन टक्के. ग्राहकाचा हप्ता थकला तरी दर हाच. २०२२ मध्ये बँकेने माझा पाच लाखांचा हप्ता नऊ दिवस उशिरा सोडला, तेव्हा या बिल्डरने बाराशेच्या वर व्याज दोन दिवसांत वसूल केलं होतं. तेव्हा त्याला विचार करायला वेळ लागला नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, भाड्याचा. आकडे सोपे ठेवतो. घराची किंमत ५६ लाख. त्यातले ५० लाख ठरलेल्या तारखेच्या आधीच बिल्डरकडे गेले: ४० लाख बँकेचं कर्ज, १० लाख आमची पुंजी. बँक ९ टक्क्यांनी व्याज घेते, म्हणजे महिन्याला साधारण ३०,००० रुपये नुसत्या व्याजाचे. मी राहतो त्या टू-बीएचकेचं भाडं १८,०००. दोन्ही मिळून महिना ४८,०००. ३१ डिसेंबर २०२३ ला ताबा मिळाला असता तर यातले १८,००० वाचले असते.

बिल्डरकडून मिळणारं व्याज किती? ५० लाखांवर ११ टक्के धरले तर वर्षाला साडेपाच लाख, महिन्याला पावणेसेहेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे कायद्याने मिळणारं सगळं व्याज पदरात पडलं तरी महिन्याला दोनेक हजार खिशातूनच जातात. शिवाय आमचे दहा लाख अडकून पडलेत, त्यांना दमडीची मिळकत नाही. आता सांगा, "व्याज मिळतंय म्हणजे भाडंही मिळालं" हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

व्याज कशाचं असतं? माझे पैसे तू वापरलेस, त्याचं. भाडं कशाचं? तू घर दिलं नाहीस म्हणून मला दुसऱ्याच्या घरात राहावं लागलं, त्याचं. ही दोन वेगळी नुकसानं आहेत. माझे पैसे वापरून बिल्डरने पुढचा टॉवर उभा केला, आणि त्याच काळात मी दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार, नवी दलाली आणि वाढीव भाडं भरत राहिलो.

पण कायदा इथे पूर्ण आपल्या बाजूने आहे असं समजू नका. प्रकल्पात थांबणाऱ्या ग्राहकाबद्दल बोलताना कलम १८(१) फक्त व्याजाचं नाव घेतं. बिल्डरचा वकील नेमकं यावरच बोट ठेवणार आणि म्हणणार, व्याज हीच भरपाई. काही वेळा हे मान्यही होतं. आपलं उत्तर कलम १८(३) मध्ये आहे. बिल्डरने कराराप्रमाणे आपली इतर बंधनं पाळली नाहीत तर त्याने नुकसानभरपाई द्यावी, असं ते म्हणतं. आणि भरपाई ठरवताना काय बघायचं ते कलम ७२ सांगतं: चुकीमुळे बिल्डरला झालेला गैरवाजवी फायदा आणि समोरच्याला झालेलं नुकसान. भाड्याची पावती हा त्या नुकसानीचा सर्वांत सरळ पुरावा आहे.

यात एक तांत्रिक खाच आहे आणि तिच्यात अनेक दावे अडकतात. व्याजाचा आदेश महारेरा प्राधिकरण देतं, पण नुकसानभरपाई ठरवण्याचं काम न्यायनिर्णय अधिकाऱ्याचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात ही वाटणी स्पष्ट केली आहे. महाराष्ट्रात पहिल्यासाठी फॉर्म 'ए' आणि दुसऱ्यासाठी फॉर्म 'बी' असतो. लोक एकाच 'ए' फॉर्ममध्ये व्याज, भाडं, मनस्ताप सगळं कोंबतात. मग आदेशात व्याज येतं आणि भाड्याबद्दल कोणी बोलतही नाही. माझे अर्ज दोन आहेत.

भाडं मागायचं तर कागद पक्के हवेत. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, महिनावार बँकेतून गेलेली रक्कम, घरमालकाच्या पावत्या. भाडं रोखीने देत असाल तर आजपासून बंद करा. घर साधारण तेवढ्याच आकाराचं आणि त्याच भागातलं असेल तर दावा टिकाऊ होतो. टू-बीएचके घेऊन बंगल्याचं भाडं मागाल तर कोणी देणार नाही. आणि मोजणी करारातल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून करा, त्याआधीचं भाडं मागून स्वतःचाच दावा हलका करू नका.

आता बिल्डरची शेवटची चाल. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना पत्र आलं: "फिट-आउटसाठी किल्ल्या घ्या, फर्निचरचं काम सुरू करा." ओसीचा, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचा, पत्ता नाही. हेतू उघड आहे. किल्ली घेतली की "ताबा दिला" म्हणायचं आणि व्याजाचं घड्याळ थांबवायचं. ओसीशिवाय दिलेली किल्ली हा कायदेशीर ताबा नाही. त्या पत्रासोबतच्या फॉर्मात खाली एक ओळ होती, "माझी कोणतीही तक्रार अथवा मागणी शिल्लक नाही." आमच्यातल्या तिघांनी ती ओळ खोडून सही केली, तर ऑफिसने फॉर्मच परत घेतला. एवढ्यावरून कळतं की किल्लीपेक्षा त्यांना ती ओळ हवी होती.

ज्यांनी वैतागून ताबा घेतला असेल त्यांनीही हताश होऊ नये. बंगळूरच्या एका प्रकल्पाबाबत २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, उशिराच्या भरपाईचा हक्क सोडा नाहीतर खरेदीखत विसरा, अशी अट ग्राहकावर लादणं अवाजवी आहे. ताबा घेतल्याने हक्क आपोआप बुडत नाही.

माझ्या मागण्या दोन. बिल्डरकडे: १ जानेवारी २०२४ पासून ओसीसह ताबा मिळेपर्यंतचं व्याज आणि त्याच काळातलं भाडं, दोन वेगळ्या रकमा म्हणून. सरकारकडे: थांबणाऱ्या ग्राहकालाही व्याजाखेरीज प्रत्यक्ष भरलेलं भाडं मिळेल, हे नियमात स्पष्ट लिहा. आज उशीर केल्याचा खर्च बँकेच्या कर्जाएवढाच पडतो, म्हणून बिल्डरला माझे पैसे हे बिनकटकटीचं कर्ज वाटतं. उशिराचा खरा खर्च त्याच्या अंगावर पडला की तारखा आपोआप पाळल्या जातील.

ज्यांचा ताबा रखडलाय त्यांनी आज एवढंच करा: कपाटातून करारनामा काढा, ताब्याच्या कलमातली तारीख बघा आणि त्या दिवसापासून आजपर्यंत किती भाडं भरलंत त्याची बेरीज करा. बेरीज आणि तारीख कमेंटमध्ये टाका, बिल्डरचं नाव नको. सगळ्यांचे आकडे एका जागी आले की "उशीर झालेलाच नाही" म्हणणं अवघड जाईल.