तव्याच्या बुडावरची अक्षरे

नॉनस्टिक तव्याच्या बुडावर ‘पीएफओए फ्री’ असे दिसले, की त्याला टेफ्लॉनचा लेप नसावा, असा समज होतो. तो बरोबर नाही. पीएफओए हे पूर्वी लेप बनवताना वापरले जाणारे रसायन. लेप स्वतः पीटीएफईचा असतो आणि टेफ्लॉन हे त्याचेच व्यापारी नाव.

पोलादपूरच्या एका सूनबाईंनी सासऱ्यांच्या तव्याच्या बुडाचे छायाचित्र मला महाडला पाठवले. काजळीमुळे काहीच वाचता येईना. बूड घासून, कोरलेल्या अक्षरांत कोरडे पीठ चोळून, तिरप्या उजेडात पुन्हा छायाचित्र घेतले, तेव्हा उत्पादकाचे नाव, ‘पीएफओए फ्री’ आणि इंडक्शनचे वेटोळे उमटले. वेटोळे शेगडीविषयी सांगते, लेपाविषयी नव्हे. ‘सिरॅमिक’ वा ‘पीटीएफई फ्री’ असे कुठेच नव्हते. तेव्हा लेप पीटीएफईचाच समजा, असे मी कळवले.

सासरे विसराळू, म्हणून हे महत्त्वाचे. रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला, तर सुमारे २६० अंश सेल्सिअसपुढे हा लेप बिघडू लागतो. फार तापल्यावर निघणाऱ्या धुराने काही तासांनी हुडहुडी, ताप, खोकला येऊ शकतो, फ्लूच वाटतो. पिंजऱ्यातला पोपट तर त्याने दगावतोही. अशा तापात डॉक्टरांना तव्याची गोष्ट आवर्जून सांगा, छायाचित्रही दाखवा.