येळ्ळूरच्या शाळांना आणि पालकांना तातडीचं आवाहन: गप्प मुलांसाठी एक खोली उघडा

जूनमध्ये शाळा भरल्या, आता शिवारात लावणीची धांदल सुरू आहे. बालवाडीत आणि पहिलीत नव्यानं आलेली बहुतेक मुलं एव्हाना रुळली. पण एखाद्या वर्गात असं एक मूल असतं, की ज्याचा आवाज बाईंनी अजून ऐकलेलाच नाही. हजेरीला ते ‘हजर’ म्हणत नाही, लघवीला जायचं म्हणून विचारत नाही, डोकं दुखलं तरी सांगत नाही. शाळा सुटली की घरी धावतच सुटतं, आधी मोरी गाठतं आणि मग रात्री झोपेपर्यंत त्याचं तोंड थांबत नाही. आई म्हणते, ‘‘घरात नुसती वटवट करत्या, शाळंत गेली की तोंडाला कुलूप.’’ बाईंना ते खरं वाटत नाही. बाई सांगतात ते आईला खरं वाटत नाही.

दोघींचंही खरं आहे. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. घरी नीट बोलणारं मूल शाळेसारख्या ठरावीक जागी सतत गप्प राहतं आणि हे महिन्याहून जास्त चालतं. शाळेचा अगदी पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण नव्या जागी कुणीही बुजतं. तो महिना आता संपला आहे, म्हणूनच हे आवाहन दिवाळीनंतर न करता आज करतो आहे. अशा मुलांना पूर्वी हट्टी समजत. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या सूचीत हा प्रकार चिंतेच्या विकारांमध्ये आहे. बोलायची वेळ आली की भीतीनं मुलाचा घसा आवळतो, चेहरा थिजतो, अंग ताठ होतं. ब्रिटनमधला अंदाज लहान वयात साधारण १४० मुलांमागे एक असा आहे. त्या हिशेबानं आपल्या गावात अशी काही मुलं असणारच.

‘मोठी झाली की बोलेल’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. नॉर्वेत बियाटे ऑर्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते नऊ वर्षांच्या मुलांवर घरी आणि शाळेत टप्प्याटप्प्यानं उपचार केले आणि पाच वर्षांनी त्यांना पुन्हा पाहिलं. ३० पैकी २१ मुलं पूर्ण बरी झाली होती, पाच बरीचशी सुधारली होती आणि चौघांचा त्रास तसाच होता. सुरुवातीला ज्यांचं वय जास्त होतं, त्यांना कमी गुण आला. याचं एक कारण वर्गात बसल्या बसल्या दिसतं. पाहुण्यांनी काही विचारलं की शेजारची मुलंच उत्तर देतात, ‘‘बाई, ती बोलत नाही.’’ वर्षभर हे ऐकलेल्या मुलीला एखाद्या दिवशी बोलावंसं वाटलं, तरी सगळा वर्ग वळून बघेल या धास्तीनं ती गप्पच बसते.

आपल्या सीमाभागात आणखी एक घोळ होतो. काही मुलं गावातल्या मराठी शाळेत जातात, काही व्हॅननं बेळगावच्या इंग्रजी शाळेत, काही कन्नड शाळेत. त्यामुळे मूल गप्प दिसलं की भाषेला दोष देऊन आपण मोकळे होतो. नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने ऐकून घेतं, बोलत नाही, हे स्वाभाविकच आहे. पण ते व्हॅनमध्ये गावच्या पोरांशी मराठीत भांडतं, मैदानावर ओरडतं, हातवारे करून हवं ते मागून घेतं. सिलेक्टिव्ह म्युटिझम असलेली मुलगी मराठी मैत्रिणीशी, मराठीत, डबा खातानासुद्धा बोलत नाही. म्हणून वर्गातल्या उत्तरांवरून निष्कर्ष काढू नका. मधल्या सुट्टीत आणि व्हॅनमध्ये काय होतं ते बघा. मूल मराठी शाळेतच गप्प असेल, तर भाषेचं कारण उरतच नाही.

आता काय बंद करायचं ते आधी सांगतो. वर्गासमोर उभं करून नाव विचारणं बंद. ‘बोललीस तर चॉकलेट’ बंद, ‘बोलली नाहीस तर घरी सोडणार नाही’ तर नक्कीच बंद. चांगळेश्वरीच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांनी ‘मुकी हाय काय गा?’ म्हणून खिजवायचं बंद. जिभेला वेखंड लावण्यात अर्थ नाही. घरी घडाघडा बोलणाऱ्या मुलीची जीभ जड कशी असेल?

करायचं ते असं. समजा, पहिलीतली एक मुलगी आहे. शाळा सुटल्यावर एक रिकामी खोली आणि दहा-पंधरा मिनिटं तिला द्या. ती ज्याच्याशी मोकळेपणानं बोलते अशा एका माणसालाही सोबत येऊ द्या. लावणीमुळे आईला वेळ नसेल तर आजी चालेल, मोठी बहीण चालेल. पहिले काही दिवस दार बंद करून दोघींनी फक्त खेळायचं, आणि खेळ आवाज लागणारा हवा: सापशिडीची घरं मोठ्यानं मोजणं, चित्रांच्या पत्त्यांवरची नावं सांगणं. मुलीचा आवाज घरच्यासारखा मोठा होईपर्यंत पुढे जायचं नाही. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा तीन-चारदा थोडा थोडा वेळ बसलेलं बरं.

मग दार किलकिलं ठेवायचं आणि बाईंनी व्हरांड्यातून जायचं, आत न बघता. आवाज खाली गेला तर दुसऱ्या दिवशीही तेवढंच करायचं. आवाज टिकला तर बाईंनी खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात पाठमोरं बसून वह्या तपासायच्या. पुढच्या खेपांना खुर्ची थोडी थोडी जवळ आणायची, मग खेळाशेजारी गप्प बसायचं, मग डाव घ्यायचा. पहिला डाव मोजणीचा असावा: आई ‘एक’, मुलगी ‘दोन’, बाई ‘तीन’. मोजताना काय बोलायचं याचा विचार करावा लागत नाही, म्हणून ते वाक्यापेक्षा खूप सोपं जातं. तिथून एकेका शब्दाची उत्तरं. बाईंनी ‘तुला लाल सोंगटी हवी का?’ असं विचारलं तर ती मान हलवेल आणि काम भागेल. ‘लाल हवी की हिरवी?’ असं विचारलं तर शब्द लागतो. विचारून झाल्यावर मनात पाच आकडे मोजत थांबायचं. आपण दोन सेकंदांतच दुसरा प्रश्न टाकतो, मोठी माणसं इथेच चुकतात.

बाईंशी बोलणं जमलं की आईनं मागे सरायचं: आधी दाराजवळ, मग व्हरांड्यात, मग शाळेच्या फाटकापाशी. त्यानंतर खोलीत एक मैत्रीण आणायची, पुढे दुसरी, आणि तोच खेळ मग वर्गाच्या वेळेत खेळायचा. हजेरीचा ‘हजर’ अगदी शेवटी. एका वेळी माणूस, जागा आणि खेळ यांपैकी एकच गोष्ट बदलायची. नवी मैत्रीण आणली त्याच दिवशी खोलीही बदलली, तर मुलगी पुन्हा मिटते आणि सगळे म्हणतात, उपायाचा काही उपयोग झाला नाही. ही पद्धत मॅगी जॉन्सन आणि ॲलिसन विंटजेन्स या ब्रिटिश वाचातज्ज्ञांनी शाळांसाठी सविस्तर लिहून ठेवली आहे. तिला महागडं साहित्य लागत नाही. किती आठवडे लागतील ते मात्र मुलीवर सोडायचं.

एका फसव्या टप्प्याकडे लक्ष ठेवा. मुलगी आईच्या कानात कुजबुजते आणि आई मोठ्यानं बाईंना सांगते. बघणाऱ्याला ती प्रगती वाटते, पण तसं होत राहिलं तर मुलीला तीच सोय होऊन बसते. कुजबुज सुरू झाली म्हणजे बाई जरा लवकर जवळ आल्या. खुर्ची मागे न्यायची आणि आवाज परत येईपर्यंत तिथेच थांबायचं.

वर्गात बाकी वेळी बाईंनी तिच्यासमोर न बसता शेजारी बसावं, चेहऱ्याकडे बघण्याऐवजी हातातल्या कामाकडे बघावं आणि प्रश्नांऐवजी साधं बोलत राहावं: ‘‘हे घर रंगवलं, आता छप्पर राहिलं.’’ ती बोलली तर टाळ्या वाजवू नका, ‘बघा, बोलली!’ म्हणू नका. शब्द कानावर पडला की कामच पुढे न्या. तोंडी परीक्षेसाठी घरी फोनवर रेकॉर्ड केलेलं वाचन चालवून घ्या, मात्र तिला विचारून, आणि ते एकट्या बाईंनी ऐकावं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलं रेकॉर्डिंग फिरवणं म्हणजे तिचा विश्वास कायमचा घालवणं. लघवीसाठी तिला पहिल्याच दिवशी एक खूण किंवा कार्ड ठरवून द्या. त्यासाठी कुठल्याही टप्प्याची वाट बघायची नाही.

हा उपाय सगळ्याच गप्प मुलांना लागू नाही. मूल घरीही कमी बोलत असेल, आधी येणारे शब्द विसरत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कालपर्यंत सगळीकडे बोलणारं मूल अचानक घरीदारी गप्प झालं, तर काहीतरी घडलेलं असू शकतं. त्या मुलाला त्याच दिवशी मदत हवी. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि खोलीतला प्रयत्न दोन-तीन महिने नेटानं करूनही आवाज दाराच्या आतच राहिला, तर बेळगावच्या बिम्समध्ये किंवा धारवाडच्या डिम्हान्समध्ये दाखवा. मोठ्या मुलांना कधीकधी औषधही देतात, ते डॉक्टरच ठरवतील. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शाळांच्या एसडीएमसी सदस्यांना माझी थेट विनंती आहे. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा: शाळा सुटल्यावर पालकाला आत येण्याची परवानगी, खोलीची किल्ली कुणाकडे राहील ते, आणि ही जबाबदारी घेणाऱ्या एका शिक्षिकेचं नाव. तीन बाईंनी आलटून पालटून बसून चालणार नाही. अंगणवाडीताईंना आपल्याकडचं एखादं मूल असं वाटलं, तर त्यांनीही ते पहिलीत जायची वाट न बघता आताच आईशी बोलावं.

दसऱ्याची सुट्टी लागेपर्यंत मुलगी बाईंशी बोलायला लागली, तर चांगली चाल आहे. सुट्टीनंतर ती एखादा टप्पा मागे गेलेली असेल. घाबरू नका, तिथून धरा. आणि एप्रिलमध्ये वर्ग संपण्याआधी पुढच्या वर्गाच्या बाईंना त्याच खोलीत, त्याच खेळात, कोपऱ्यातल्या खुर्चीपासून आणून बसवा.