विश्लेषण : भंडाऱ्यातील विषबाधा ‘भेसळी’मुळेच होते का? नमुना तपासण्याआधी घड्याळ आणि तापमान का पाहायला हवे?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद घेतल्यानंतर सुमारे ५०० जणांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. झाडांना दोर बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या लटकवल्याची छायाचित्रे राज्यभर पाहिली गेली आणि मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांची दखल घेतली. प्रसादात भगर आणि आमटी होती. अशा घटनेनंतर ‘भगरीत भेसळ होती का’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. मात्र शेकडो माणसांसाठी एकदम शिजवलेले अन्न भेसळ नसतानाही विषारी होऊ शकते. ते कसे आणि कुठे रोखता येते?

भेसळयुक्त आणि असुरक्षित अन्नात फरक काय?

भेसळ म्हटले की दुधात पाणी, हळदीत रंग किंवा तेलात दुसरे स्वस्त तेल असे चित्र डोळ्यांसमोर येते. १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा याच कल्पनेभोवती उभा होता. त्याची जागा घेणाऱ्या अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये मध्यवर्ती संकल्पना ‘असुरक्षित अन्न’ ही आहे. त्यात भेसळ येतेच. पण अस्वच्छ प्रक्रियेमुळे किंवा जंतूंच्या वाढीमुळे आरोग्याला अपायकारक झालेले अन्नही येते. धान्य शुद्ध, तेल उत्तम आणि मसाले घरचे असले तरी पातेल्यातील अन्न कायद्याच्या दृष्टीने असुरक्षित ठरू शकते.

यंत्रणेची सवय मात्र अजून जुन्या कल्पनेचीच आहे. घटना घडली की अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करून ते सीलबंद करतो आणि अन्न विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत येणे अपेक्षित असते. खटल्यासाठी हे आवश्यक आहे, पण प्रसाद मात्र त्याच रात्री वाटून संपलेला असतो.

भगरीचीच वारंवार चर्चा का होते?

भगरीला दोन वेगवेगळे धोके आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला धोका बुरशीचा. भगर, विशेषतः तिचे पीठ, हवेतील ओलावा पटकन शोषते. ओलाव्यात अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषद्रव्ये तयार करते. म्हणून सुटी भगर किंवा सुटे पीठ न घेता सीलबंद पाकीट घ्यावे, पीठ लागेल तेवढेच दळावे आणि जास्त दिवस साठवू नये, असे आवाहन राज्याचे अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत करत असते. बुरशीची अनेक विषे नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाहीत. त्यामुळे खराब पीठ एकदा पातेल्यात गेले की पुढच्या कोणत्याही टप्प्यावर ते सुधारता येत नाही.

दुसरा धोका जिवाणूंचा. बॅसिलस सेरियस हा जिवाणू मातीत असतो आणि तांदूळ, भगर यांसारख्या धान्यांबरोबर स्वयंपाकघरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणू तयार करतो. हे कवच इतके चिवट असते की उकळत्या पाण्यातही काही बीजाणू टिकून राहतात. शिजवल्याने इतर जंतू मरतात आणि उरलेल्या बीजाणूंना पिष्टमय, ओलसर अन्न बिनस्पर्धा मिळते. पातेले कोमट झाले की ते जागे होतात.

‘गरम गरम शिजवले होते’ हे उत्तर अपुरे का?

समजा, ५०० जणांच्या पंगतीसाठी भगर दुपारी चारला शिजून तयार झाली. कीर्तन लांबले आणि पंगत रात्री दहाला बसली. मधल्या सहा तासांत पातेली चुलीवरून उतरवून, वर कापड टाकून मांडवात ठेवली होती.

मोठ्या पातेल्यातील घट्ट अन्न फार हळू थंड होते. अशा अन्नात उष्णता आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केला की वेळ साधारण चौपट लागतो. त्यामुळे मधला भाग कित्येक तास वाफाळता राहतो, तर कडेचा, वरचा आणि लहान भांड्यांत काढलेला भाग त्याआधीच कोमट होतो. ६० अंश सेल्सिअसच्या खाली आणि ५ अंशांच्या वर जंतूंना वाढ करता येते. अंगाच्या तापमानाच्या आसपास ती सर्वात वेगाने होते. मधली भगर वाफाळताना पाहून आचाऱ्याला सगळेच गरम वाटते.

आता साधा हिशेब करू. कोमट झालेल्या भागात दर ग्रॅममागे १० जिवाणू आहेत आणि अनुकूल तापमानात ते दर २० मिनिटांनी दुप्पट होतात, असे धरू. दोन तासांत सहा वेळा दुप्पट झाले की ते ६४० होतात. पाच तासांत १५ वेळा दुप्पट झाले की ही संख्या सव्वातीन लाखांच्या पुढे जाते. बॅसिलस सेरियसच्या बाबतीत दर ग्रॅममागे एक लाख ही पातळी धोक्याची मानली जाते. पहिले दोन तास आणि पाचवा तास यांत पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. वास तोच असतो आणि चवही तीच. म्हणून वाढण्याआधी कुणीतरी चाखून पाहणे ही या धोक्यावरची तपासणी ठरत नाही.

पुन्हा उकळले तर?

जिवाणू मरतील, विष मरेलच असे नाही. बॅसिलस सेरियसचा एक प्रकार अन्नातच सेरुलाइड नावाचे विष तयार करतो. ते १२१ अंशांनाही दीर्घकाळ टिकते, म्हणजे प्रेशर कुकरच्या तापमानालाही ते दाद देत नाही. वाढप्याच्या हातावरील जखमेतून येणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचे विषही उष्णतेला चिवट असते. म्हणूनच ‘रात्री परत एक उकळी दिली होती’ या वाक्याने आयोजक निर्धास्त होतात, पण अन्न सुरक्षित होत नाही.

विषबाधेचे वेळापत्रकही डॉक्टरांना दिशा देते. जेवल्यानंतर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. आठ ते सोळा तासांनी पोटदुखी आणि जुलाब झाले, तर पोटात गेल्यानंतर विष तयार करणाऱ्या जिवाणूंकडे बोट जाते. त्यामुळे कोण किती वाजता जेवले आणि त्रास केव्हा सुरू झाला, याची नोंद उरलेल्या प्रसादाच्या नमुन्याइतकीच मोलाची असते.

‘हॅसप’ पद्धत काय सांगते?

धोक्याचे विश्लेषण करून निर्णायक नियंत्रण टप्पे ठरवण्याच्या पद्धतीला ‘हॅसप’ म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत पिल्सबरी कंपनी, ‘नासा’ आणि लष्कराची नॅटिक प्रयोगशाळा यांनी अंतराळवीरांच्या जेवणासाठी ती विकसित केली. तयार अन्न तपासूनच खात्री करायची, तर इतके नमुने खर्ची पडत की उड्डाणासाठी फारसे उरत नसे. म्हणून शेवटी तपासण्याऐवजी धोका जिथे रोखता येतो तिथेच लक्ष ठेवायचे, असा विचार पुढे आला.

यात प्रत्येक टप्प्याला विचारायचा प्रश्न एकच : इथे चूक झाली तर ती पुढे कुठे दुरुस्त होते का? होत नसेल, तर तो टप्पा निर्णायक. आपल्या भगरीला हा प्रश्न लावला तर पहिला निर्णायक टप्पा खरेदीचा ठरतो, कारण बुरशीचे विष पुढे जात नाही. दुसरा टप्पा शिजवण्यापेक्षा शिजल्यानंतर ठेवण्याचा ठरतो, कारण बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि विष उकळीतून.

प्रत्येक टप्प्याला मोजता येणारी मर्यादा लागते. ‘गरम ठेवा’ ही मर्यादा नव्हे. ‘६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका’ ही मर्यादा आहे. ती कोण, कशाने आणि किती वेळाने मोजणार हे ठरवावे लागते. अन्नात खुपसायचा तापमापक घेऊन एका माणसाने दर अर्ध्या तासाने प्रत्येक पातेल्याचे मध्य आणि कड मोजून वहीत लिहावे. तापमान उतरलेले दिसले तर काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे. अन्न दोन तासांहून कमी वेळ ६० च्या खाली असेल, तर ते पुरते वाफाळेपर्यंत तापवून लगेच वाढावे. त्याहून जास्त वेळ झाला असेल किंवा वेळ सांगता येत नसेल, तर टाकून द्यावे. तापमापकही तपासावा लागतो. बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात तो धरला की शून्य अंश दिसायला हवे.

गावच्या सप्ताहात हे जमेल का?

दीडशे किलो भगर सहा तास ६० अंशांवर धरून ठेवणे मांडवात अवघडच आहे. मंद आचेवर ती तळाला लागते. त्यामुळे खरा उपाय वेळापत्रकात आहे. सगळी भगर दुपारी शिजवण्याऐवजी पहिल्या पंगतीच्या आधी तासभर पहिला घाणा आणि ती पंगत बसल्यावर दुसरा घाणा लावावा. भगर लवकर शिजते, त्यामुळे हे शक्य आहे. कीर्तन लांबणार असेल तर तो निरोप आचाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. उरलेले अन्न सकाळसाठी ठेवायचा मोह टाळावा.

‘हॅसप’ला मर्यादाही आहेत. विहिरीचे पाणी दूषित असेल, हात धुण्याची सोय नसेल किंवा आजारी माणूस वाढायला उभा असेल, तर तापमानाची वही कामाची नाही. या गोष्टी आधी हव्यात. निर्णायक टप्पे त्यांच्यावर उभे राहतात.

जबाबदारी कोणाची?

धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही लहान अन्न व्यावसायिक म्हणून नोंदणी करावी लागते, हे २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत स्पष्ट आहे. अनेक सप्ताह समित्यांना याची कल्पनाही नसते आणि अन्न व औषध प्रशासन बहुतेक वेळा घटनेनंतरच गावात पोहोचते. ही नोंदणी कागदापुरती न ठेवता तिच्याबरोबर एक पानाचा तक्ता द्यावा : भगर कुठून घेतली, चुलीवरून केव्हा उतरली, वाढायला केव्हा सुरुवात झाली आणि मधल्या वेळी तापमान किती होते. एकादशी आणि महाशिवरात्रीच्या तारखा वर्षभर आधी पंचांगात छापलेल्या असतात. प्रशासनाने तपासणीची मोहीम त्या तारखांच्या आधी आखावी आणि अधिकाऱ्याने नमुन्याच्या बाटलीबरोबर ही वहीही मागावी. बाटलीतून दोषी कोण ते १४ दिवसांनी कळेल. वही मात्र पंगत बसण्याआधीच सांगू शकते की हे पातेले वाढायचे नाही.