“फॉरमॅट मारा” म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा



पोस्ट मोठी आहे, पण गाडीत डॅशकॅम असलेल्यांनी आणि विशेषतः ज्यांच्या घरी नुकतंच लायसन्स मिळालेलं लेकरू आहे त्यांनी वाचाच. मी व्यवसायाने सीए, इथे कुवेतमध्ये सुलैबियाच्या औद्योगिक भागात एका कंपनीचे हिशेब बघते. कॅमेऱ्याची तज्ज्ञ नाही. पण पुरावा म्हणजे काय आणि तो कसा नाहीसा होतो, हे बघण्यातच माझी वीस वर्षं गेली आहेत.

आपल्या पालकांच्या ग्रुपवर कोणीही विचारलं की “कॅमेरा टूं टूं वाजतोय, स्क्रीनवर चिनीत काहीतरी येतंय”, तर मिनिटाभरात उत्तर येतं : फॉरमॅट मारा, सगळं ठीक होतं. माझं भांडण या उत्तराशी आहे.

ओळखीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण देते. शुक्रवारी सकाळी सुलैबियाच्या भाजी मार्केटमधून परतताना सिग्नलला थांबलेल्या त्यांच्या गाडीला मागच्याने ठोकलं. मागचा म्हणतो, तुम्हीच रिव्हर्स घेतलात. दादा निवांत होते, कारण मागच्या काचेलाही कॅमेरा होता आणि त्यात सगळं आलं होतं. रात्री गाडी चालू केली तर कॅमेरा वाजायला लागला. ग्रुपवर विचारलं, नेहमीचं उत्तर आलं. मुलाने मेनूत जाऊन ती ओळ शोधली, एक लांबलचक चिनी वाक्य आलं, खाली दोन बटणं. त्याने 确定 दाबलं. आवाज बंद. चौथ्या दिवशी विमावाल्यांनी व्हिडिओ मागितला तेव्हा कार्डावर फक्त ऑफिसचा रस्ता होता.

आता नेमकं झालं काय, ते बघा. डॅशकॅम एक सलग फिल्म काढत नाही, तीन-तीन मिनिटांचे तुकडे करतो. यांच्या कॅमेऱ्यात असा एक तुकडा साधारण ३४० एमबीचा. ३२ जीबीच्या कार्डात असे नव्वदेक तुकडे बसतात, म्हणजे सुमारे साडेचार तास. कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्या जागी नवा येतो. हेच लूप रेकॉर्डिंग. आणि धक्का बसला की कॅमेरा त्या वेळच्या तुकड्याला कुलूप लावतो. कुलूपवाल्या तुकड्याला लूप हात लावत नाही.

इथे गोम आहे. धक्का ओळखणारा सेन्सर यांच्याकडे सगळ्यात तिखट ठेवलेला. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर कुलूप! दिवसाला पाच कुलपं धरा, अठराव्या दिवशी कार्ड कुलपांनी भरलं. महागड्या कॅमेऱ्यांत कुलूपवाल्या फायलींना ठरावीकच जागा असते, स्वस्तातल्या अनेकांत तसं काही नसतं. लूपला फिरायला जागाच उरली नाही, म्हणून कॅमेरा ओरडत होता. कार्ड खराब नव्हतं. उलट त्या क्षणी त्यात अपघाताचा तुकडा कुलूपबंद, सुखरूप होता.

यावर एका ताईंचं म्हणणं असं, की लूप तरी जुनं पुसतंच ना, मग फॉरमॅटने वेगळं काय होतं? खूप वेगळं होतं. लूप म्हणजे जुनी चिल्लर नोंद खोडून नवी लिहिणं, जपून ठेवलेल्या पावत्यांना न शिवता. फॉरमॅट म्हणजे पावत्यांसकट कपाट रिकामं. कुलूपबंद फायलीही जातात. भारतात कंपनीला हिशेबाची पुस्तकं किमान ८ वर्षं ठेवावी लागतात; आणि आपण आपल्या गाडीचा एकमेव साक्षीदार ग्रुपवरच्या एका ओळीवर पुसून टाकतो.

त्यातली चीड आणणारी गोष्ट ही, की कॅमेऱ्याने विचारलं होतं. अख्ख्या यंत्रात वाचायलाच हवं असं एकच वाक्य असतं, “सगळा डेटा जाईल, चालेल का?” आणि तेच आपल्याला न कळणाऱ्या भाषेत. न कळणारी सूचना ही सूचनाच नव्हे. आमच्या धंद्यात समोरच्याला न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेतली तर काय म्हणतात, ते सांगायला नको. दुकानदार म्हणतो, “मुलं बघून घेतील.” मुलं बघतात, पण वाचत नाहीत, त्यांचा अंगठा ओकेवर आधीच गेलेला असतो. सोळा-अठरा वर्षांच्या पोराला दोष देऊ नका. भाषा न बदलता कॅमेरा विकणाऱ्याला द्या, आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच भाषा बदलून मागा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

घरीही जमतं. आधी रेकॉर्डिंग थांबवा, कारण बहुतेक कॅमेरे ते चालू असताना मेनू उघडत नाहीत. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांत मेनूचं बटण दुसऱ्यांदा दाबलं की सेटिंगचं पान येतं. तिथे 语言 ही ओळ असते. उघडली की यादीत English इंग्रजीतच लिहिलेलं दिसतं. लूपची ओळ 循环录影. तीही अक्षरं न वाचता ओळखता येते, कारण आतल्या पर्यायांत १, ३, ५ हे मिनिटांचे आकडे आपल्या ओळखीच्या इंग्रजी अंकांत असतात. वरचा 关闭 म्हणजे बंद, तो निवडू नका. धक्क्याच्या सेन्सरची ओळख 重力感应. तिथे 低, म्हणजे कमी, ठेवा. गतिरोधकांची कुलपं कमी होतील.

आणि एक खूण पोरांना शिकवा. ओळ दाबल्यावर पर्यायांची यादी आली तर घाबरायचं कारण नाही, चुकलं तर परत बदलता येतं. पण वाक्य आणि खाली दोन बटणं आली, तर हात मागे. 取消 म्हणजे रद्द. असं सहसा दोनच ठिकाणी येतं : 格式化, म्हणजे फॉरमॅट, आणि मूळ सेटिंगवर परत जाण्याची ओळ. दुसरीने व्हिडिओ सहसा जात नाहीत, पण मेनू पुन्हा चिनी होऊ शकतो. आधीच कुठलं बटण निवडलेलं असतं, ते प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळं, त्यामुळे सवयीने दाबू नका.

फॉरमॅट वाईट नाही, हेही सांगते. महिन्या-दीड महिन्यातून करावाच, पण कार्ड काढून लॅपटॉपवर हवं ते उतरवून घेतल्यावर. अपघात झाला असेल तर गाडी बाजूला घेतल्यावर कॅमेरा बंद करा आणि कार्ड काढून खिशात ठेवा. दुसरं कार्ड डॅशबोर्डच्या खणात असू द्या, तीन-चार दिनारचा प्रश्न आहे.

चुकून फॉरमॅट झालाच तर? बहुतेक वेळा त्यात फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, चित्रण त्याच जागी असतं, नवीन काही वर लिहिलं जाईपर्यंत. त्याच मिनिटाला कार्ड काढलं असतं तर PhotoRec सारख्या मोफत प्रोग्रामने बरंच परत मिळण्याची आशा होती. या कुटुंबाने तेच कार्ड घालून चार दिवस गाडी चालवली, रोज दीड तास. सहा तास झाले, कार्ड साडेचार तासांचं. लूपने अख्खं कार्ड एकदा लिहून काढलं होतं आणि दुसरी फेरी सुरू होती. प्रोग्राम रात्रभर चालवला, ऑफिसचा रस्ताच मिळाला.

मागचा अजून म्हणतोय, यांनीच रिव्हर्स घेतला.